व्हायरल लोड ‘सापडत नाही’ म्हणजे नेमके काय?

एचआयव्हीवरची औषधे, म्हणजेच एआरटी, नियमित घेणाऱ्याच्या रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असे येते, तेव्हा ते वाक्य रक्ताच्या नमुन्याविषयी असते. शरीरातून विषाणू गेला, असे ते सांगत नाही. हा फरक उमजायला संशोधकांनाही काही वर्षे लागली.

१९९६ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याचे उपचार रुजू लागले आणि लाखांत असलेला व्हायरल लोड, म्हणजे दर मिलिलिटर रक्तद्रवातल्या विषाणूच्या प्रतींचा आकडा, काही आठवड्यांत कोसळू लागला. त्या वेळच्या गणितानुसार उपचार तीनेक वर्षे अखंड चालले, तर विषाणू समूळ नष्ट होईल अशी आशा होती. १९९७ च्या अखेरीस ती मावळली. व्हायरल लोड बराच काळ आटोक्यात असलेल्या लोकांच्या सुप्त सीडी ४ पेशींतून, म्हणजे एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींतून, संशोधकांनी जिवंत, वाढू शकणारा विषाणू बाहेर काढून दाखवला. या पेशींच्या जनुकांत विषाणूची प्रत शिरलेली असते, पण ती झोपलेली असते. औषधे विषाणूच्या नव्या प्रती तयार होऊ देत नाहीत. झोपलेल्या प्रतीला ती हात लावू शकत नाहीत. हा साठा निम्मा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात, असा हिशोब १९९९ मध्ये निघाला. म्हणून गोळी आयुष्यभर.

आता रिपोर्टवरच्या आकड्याकडे बघू. तपासणीची मर्यादा दर मिलिलिटरला ५० प्रती असेल, तर ४९ प्रती असलेला नमुनाही ‘५० पेक्षा कमी’ याच रकान्यात बसतो. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ लिटर रक्तद्रव असते. म्हणजे त्याच्या रक्तात त्या क्षणी दीड लाखाच्या आसपास प्रती फिरत असू शकतात. एवढ्याने ना प्रतिकारशक्ती ढासळते, ना शरीरसंबंधातून संसर्ग होतो. पण ही शून्याची पाटी नव्हे.

शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही, हे आज ठामपणे सांगता येते. २००८ मध्ये स्वित्झर्लंडच्या तज्ज्ञांनी हे जाहीरपणे मांडले, तेव्हा मोठी टीका झाली. नंतर पुरावा आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ अभ्यासात एक जोडीदार एचआयव्हीबाधित आणि दुसरा नसलेली ७८२ समलिंगी पुरुष जोडपी होती. बाधित जोडीदाराचा व्हायरल लोड २०० च्या खाली होता, आणि कंडोमविना सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. १५ जणांना नव्याने संसर्ग झाला, पण विषाणूच्या जनुकीय तपासणीत त्यातला एकही जोडीदाराकडून आलेला निघाला नाही. मात्र हा निष्कर्ष शरीरसंबंधापुरताच आहे. एकमेकांची सुई वापरणे किंवा स्तनपान यांना तो जसाच्या तसा लावू नये.

रोजची गोळी का, याचे उत्तर तिच्या ओसरण्यात आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि एफाव्हिरेंझ ही तीन औषधे एकाच गोळीत रोज रात्री घेणारा कोणी समजा. गोळ्या संपल्या आणि दहा-बारा दिवसांचा खंड पडला. पहिली दोन औषधे काही दिवसांत ओसरतात. एफाव्हिरेंझ मात्र आठवडा-दोन आठवडे, काहींच्या रक्तात त्याहूनही जास्त रेंगाळते. सुप्त पेशी जाग्या होऊन विषाणू वाढू लागतो, तेव्हा त्याच्यासमोर एकच औषध उरलेले असते, तेही अपुऱ्या मात्रेत. एफाव्हिरेंझला चकवायला विषाणूला एकच जनुकीय बदल पुरतो. तो बदल झालेले विषाणू तगतात, आणि पुढे गोळ्या नेमाने सुरू केल्या तरी ते औषध निकामी ठरते. डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीवरच्याच दुसऱ्या औषधाविरुद्ध असा प्रतिरोध सहजी तयार होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण गोळ्या पूर्ण थांबवल्या तर, औषध कोणतेही असो, बहुतेकांचा व्हायरल लोड दोन-तीन आठवड्यांत पुन्हा दिसू लागतो.

ठरवून सुट्टी घेतली तर चालेल का, हेही तपासून झाले आहे. सीडी ४ पेशींची संख्या चांगली असताना औषधे थांबवायची आणि ती २५० च्या खाली गेली की पुन्हा सुरू करायची, अशी पद्धत स्मार्ट अभ्यासात ५,४७२ जणांच्या सहभागाने पारखली गेली. सुट्टी घेणाऱ्या गटात संधिसाधू आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती खालावल्यावर गाठणारे आजार, किंवा मृत्यूचे प्रमाण सुमारे अडीच पट निघाल्याने २००६ मध्ये ती थांबवावी लागली.

एखादी गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत. गोळ्या रोज घेऊनही आकडा वाढला, तर आधी सोबत काय घेतले जाते ते बघावे. कॅल्शियम, लोह किंवा ॲन्टासिड पोटात डोल्युटेग्राव्हिरला बांधून ठेवतात आणि ते रक्तात कमी उतरते. म्हणून ही गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायची. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत एकत्र घेतले तर चालते, ॲन्टासिड नाही. एकदाच ५० ते २०० च्या दरम्यान आकडा आला आणि पुढच्या तपासणीत खाली गेला, तर तो बहुधा क्षणिक चढ असतो. १,००० च्या वर गेला, तर गोळ्या घेण्यातल्या अडचणी सोडवून साधारण ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात, आणि तेव्हाही तो खाली आला नसेल तर औषधे बदलण्याचा विचार होतो.