वॉरंटीची तरतूद: अठरा वर्षांचा वाद आणि विक्रीच्या दिवशीची नोंद

विकलेला माल वॉरंटीच्या मुदतीत बिघडला तर दुरुस्तीचा खर्च विक्रेत्याचा, हे सगळ्यांना माहीत आहे. वाद होता तो हा खर्च कोणत्या वर्षाच्या हिशेबात धरायचा याचा. दुरुस्ती होईल त्या वर्षी, की माल विकला त्याच वर्षी?

याचे मूळ 1959 च्या एका निकालात सापडते. कलकत्त्याच्या एका जमीन कंपनीने प्लॉट विकताना रस्ते, गटारे आणि दिवे करून देण्याची हमी दिली होती आणि त्या पुढच्या कामांचा अंदाजे खर्च विक्रीच्याच वर्षी दाखवला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. देणे पक्के असेल, तर रक्कम अंदाजे आहे एवढ्यावरून वजावट नाकारता येत नाही, हे तत्त्व तिथे ठरले. तरीही वॉरंटीच्या बाबतीत आयकर खाते अडून बसले.

या विषयातला निर्णायक खटला चेन्नईच्या एका कंपनीचा. ती मोठ्या व्हॉल्व्हची उघडझाप करणारी यंत्रे बनवत असे. वॉरंटी होती यंत्र चालू केल्यापासून 12 महिने किंवा माल पाठवल्यापासून 18 महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. कर निर्धारण वर्ष 1991-92 साठी तिने उलाढालीच्या 1.5 टक्के, म्हणजे 10,18,800 रुपयांची तरतूद केली. त्यातली जवळपास निम्मी रक्कम जास्तीची म्हणून परत उत्पन्नात घेतली आणि उरलेल्या रकमेची वजावट मागितली. खात्याचे म्हणणे होते की कोणते यंत्र बिघडेल हे माहीतच नाही, तेव्हा हे देणे ‘जर-तर’चे आहे. मद्रास उच्च न्यायालयाने खात्याची बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये तो निकाल फिरवला.

माझ्या मते खात्याचा मुद्दा पहिल्यापासून लंगडा होता. एका यंत्राबद्दल सांगता येत नाही हे खरे, पण हजारो यंत्रांबद्दल सांगता येते, आणि विक्रेता हजारोंच्याच किमतीत तो खर्च धरतो. न्यायालयानेही हाच धागा पकडला. विक्री झाली की बंधन निर्माण होते, त्यापोटी पैसा जाण्याची शक्यता जास्त असते आणि जुन्या अनुभवावरून रकमेचा विश्वसनीय अंदाज करता येतो. या तिन्ही गोष्टी असतील तर तरतूद करावी. ग्राहकाची तक्रार येईपर्यंत थांबणे न्यायालयाला मान्य नव्हते, कारण मग उत्पन्न एका वर्षात आणि त्याचा खर्च दुसऱ्या वर्षात पडतो.

अंदाज कसा करतात ते पाहू. समजा, एका कारखान्याने वर्षात 8,000 रुपयांचे 5,000 पंप दोन वर्षांच्या वॉरंटीवर विकले. मागच्या वर्षांच्या सर्व्हिस रजिस्टरवरून दिसते की शंभरांतल्या चार पंपांचे सील बदलावे लागते, खर्च प्रत्येकी 400 रुपये, आणि एकाचे वाइंडिंग जळते, खर्च 2,000 रुपये. म्हणजे 200 सीलचे 80,000 आणि 50 वाइंडिंगचे 1,00,000, एकूण 1,80,000 रुपये, विक्रीच्या 0.45 टक्के. वर्षअखेरीस वॉरंटी खर्च खाते नावे आणि वॉरंटी तरतूद खाते जमा. पुढे 70,000 रुपयांच्या दुरुस्त्या झाल्या तर ते तरतूद खात्याला नावे पडतात, नफा-तोटा खात्यात पुन्हा जात नाहीत. उरलेले 1,10,000 लगेच नफ्यात ओढायचे नाहीत, कारण त्या पंपांची मुदत अजून बाकी आहे. मधेच सीलचा एखादा लॉट खराब निघाला तर जुनी टक्केवारी उपयोगाची नाही, तरतूद वाढवावी लागते.

गडबड ओळखण्याची खूणही याच खात्यात असते. दरवर्षी मुदत संपल्यावर मोठी रक्कम परत फिरवावी लागत असेल, तर टक्केवारी फुगवलेली आहे. म्हणूनच तरतुदी वारंवार परत फिरत असतील तर धोरण बारकाईने तपासले पाहिजे, असे त्याच निकालात बजावले आहे. विजयाच्या आनंदात करदात्यांनी हा भाग सोयीस्करपणे विसरू नये. तसेच ज्याच्याकडे जुना अनुभवच नाही, म्हणजे पहिल्यांदाच नवे यंत्र बाजारात आणणारा, त्याला या निकालाचा आधार कमी मिळतो.

त्यानंतर चित्र पुन्हा गुंतागुंतीचे झाले. निकालात तरतूद वर्तमान मूल्यावर आणण्याचा, म्हणजे पुढे द्यायच्या रकमेची आजची किंमत काढण्याचा, उल्लेख होता. पण कर निर्धारण वर्ष 2017-18 पासून लागू झालेल्या उत्पन्न गणनेच्या मानकांनी करासाठी असे मूल्य काढायला मनाई केली आणि पैसा जाणे नुसते ‘शक्य’ नव्हे तर ‘वाजवी खात्रीचे’ असावे अशी अट घातली. मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदाला लागू असलेल्या मानकात मात्र, काळाचा परिणाम मोठा असेल तर, वर्तमान मूल्य काढावेच लागते. त्यामुळे पाच वर्षांच्या वॉरंटीसाठी ताळेबंदात एक आकडा आणि कर विवरणात दुसरा, असे होऊ शकते.

2018 पासून अशा कंपन्यांना आणखी एक भेद करावा लागतो. माल ठरल्याप्रमाणे चालेल एवढीच हमी असेल तर वरची तरतूद. ग्राहकाने वेगळे पैसे देऊन वॉरंटी वाढवून घेतली असेल तर ती स्वतंत्र सेवा ठरते. तिचे पैसे आधी देणे म्हणून दाखवायचे, मुदत सरेल तसे उत्पन्नात घ्यायचे आणि दुरुस्तीचा खर्च होईल तेव्हा नोंदवायचा.