खिडकी नसलेलं टेबल आणि खिडकी नसलेलं बाथरूम: झाडाच्या लेखी या जागा एक नाहीत

नर्सरीत जाऊन ‘ऊन न लागणारं झाड द्या’ म्हटलं, की ते नेमकं कुठे ठेवणार हे सहसा कोणी विचारत नाही. ‘साहेब, अंधारातही चालतं, आठवड्याला पाणी घाला’ असं सांगून झी झी किंवा स्नेक प्लांटची कुंडी हातात दिली जाते. ऑफिसच्या टेबलावरचं झाड दोन-दोन वर्षं आहे तसं उभं राहतं. बाथरूममधलं मात्र काही महिन्यांत बुडाशी पिचकतं, आणि बोल लागतो तो झाडाला किंवा आपल्या हाताला. खरं तर या दोन जागांत सारखं एवढंच, की दोन्हीकडे खिडकी नाही.

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे विश्वासाचे नाहीत. उजेड लक्समध्ये मोजतात. मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर तो सुमारे एक लाख लक्स असतो. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालीही तेव्हा पंचवीस ते पन्नास हजार मिळतो. ट्यूबलाइटखालच्या टेबलावर तो तीनशे ते पाचशेवर येतो. तिन्ही ठिकाणी आपल्याला पेपर नीट वाचता येतो, म्हणून फरक जाणवत नाही. मोबाइलवर लक्स मोजणारं फुकट अ‍ॅप मिळतं. त्याचे आकडे अगदी काटेकोर नसतात, पण दोन जागा एकमेकींशी ताडून पाहायला पुरतात. फोन झाडाच्या पानांच्या उंचीवर, त्याची स्क्रीन वरच्या बाजूला करून धरायचा.

पण नुसता आकडाही अर्धीच गोष्ट सांगतो. उजेड किती तास मिळतो, हे त्याच्याइतकंच महत्त्वाचं. समजा, लातूरमधल्या एका कोचिंग क्लासची मागची केबिन आहे. खिडकी नाही, छताला दोन एलईडी ट्यूब, टेबलावर साडेतीनशे लक्स. क्लास सकाळी लवकर उघडतो, तेव्हा दिवे रोज दहा तास तरी जळतात. साडेतीनशे गुणिले दहा, म्हणजे साडेतीन हजार. त्याच क्लासच्या सरांच्या फ्लॅटमधलं बाथरूम घ्या. आरशावर एक बल्ब, कोपऱ्यातल्या फळीवर शंभर लक्स, आणि घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी-तोंड धुणं धरून दिवा दिवसाला फार तर दीड तास लागतो. हिशेब दीडशे. दोन जागांत वीसपटीहून जास्त अंतर पडलं. सावली सोसणाऱ्या झाडांनाही नुसता तग धरायला आठ-दहा तास अडीचशे-तीनशे लक्स लागतात, असं ढोबळमानाने धरलं जातं. टेबल त्या रेषेच्या जरा वर आहे आणि बाथरूम तिच्या जवळपासही नाही.

‘पण बाथरूममध्ये ओलावा असतो ना!’ हे नेहमीचं म्हणणं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते, की झाडांना बाथरूममध्ये बरं वाटत असेल असं कोणालाही वाटावं. दमट हवेत पानांची टोकं कमी वाळतात, हे खरं आहे. पण झाडाचं अन्न उजेडात तयार होतं, हवेतल्या ओलाव्याने त्याची भरपाई होत नाही. उलट अंधारात झाड पाणी फारसं ओढत नाही आणि दमट हवेत मातीतलं पाणी उडतही नाही, त्यामुळे कुंडी पंधरा-पंधरा दिवस ओलीच राहते. ज्या ओलाव्यासाठी झाड तिथे ठेवलं, तोच त्याची मुळं कुजवतो.

इथे एक गोष्ट आधी तपासा. आपण ज्याला खिडकी नसलेलं बाथरूम म्हणतो, त्यात पुष्कळदा वर काचपट्ट्यांचा झरोका असतो. तो बाहेर मोकळ्या जागेकडे उघडत असेल आणि काच धुरकट असली तरी दिवसभर उजेड आत येत असेल, तर दिवा बंद करून भर दुपारी मोजा. साडेतीनशेच्या बराच पुढे आकडा आला, तर ते बाथरूम जवळजवळ ऑफिसच्या टेबलासारखंच धरायचं. मग तिथला ओलावाही कामाला येतो आणि मनी प्लांट चांगला राहतो. झरोका इमारतीच्या डक्टमध्ये उघडत असेल, तर खालच्या मजल्यांवर तो नसल्यातच जमा.

आता टेबलासाठी झाड कोणतं? माझं मत विचाराल तर पहिलं झी झी, तेही साधं हिरवं. हे मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. मातीखाली बटाट्यासारख्या गाठी असतात, त्यांत ते पाणी आणि अन्न साठवतं. कमी उजेडात ते दुष्काळात कणगीतल्या धान्यावर दिवस काढणाऱ्या घरासारखं जगतं: खर्च अगदी कमी, आवक जेमतेम. स्नेक प्लांट दुसऱ्या नंबरवर. पिवळ्या काठाचं, पांढऱ्या ठिपक्यांचं, गुलाबी छटेचं असं काही टेबलासाठी घेऊ नका. पानाच्या फिकट भागात हरितद्रव्य कमी असतं, म्हणजे आधीच कमी असलेल्या उजेडातला काही भाग वायाच जातो. मार्बल मनी प्लांटची नवी पानं अशा जागी बहुधा हिरवीच येतात. नर्सरीवाल्याने फसवलं असं नाही, झाडाने आपली सोय पाहिली एवढंच.

टेबलावर काय होईल, हे आधीच माहीत असलेलं बरं. पहिल्या महिना-दोन महिन्यांत काही पानं पिवळी पडून गळतात. झाड हजारो लक्समधून शेकड्यांत आलेलं असतं. जितकी पानं पोसता येतील तितकीच ते ठेवतं. त्यानंतर बराच काळ काहीच घडत नाही. झी झीला वर्षाला एखादा नवा कोंब आला तर भाग्य. तो लांब, बारीक आणि दिव्याकडे झुकलेला असतो, पानं विरळ. मनी प्लांटच्या दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि पान लहान होतं. ऑफिसात झाड ‘वाढवायचं’ असेल तर ही जागा त्यासाठी नाही. तिथे ते टिकतं, इतकंच.

टेबलावरची झाडं उजेडाअभावी क्वचित मरतात, पाण्याने जास्त मरतात. मावशी रोज सकाळी टेबल पुसताना प्रेमाने अर्धा तांब्या ओततात, जाता जाता कोणीतरी बाटलीत उरलेलं पाणी रिकामं करतं. पाच इंची कुंडीतल्या झी झीला या उजेडात तीन-चार आठवड्यांतून एकदा पाणी पुरतं; उन्हाळ्यात एसी-पंख्याच्या वाऱ्यात फार तर दोन-तीन आठवड्यांनी. दिवस मोजण्यापेक्षा अगरबत्तीची रिकामी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा. काडीला माती चिकटून आली किंवा ती गार लागली, तर पाणी नको. एकाच माणसाने पाणी घालायचं, हे ठरवून कुंडीवर तसं लिहून ठेवलेलं चांगलं.

मातीचंही तसंच. नर्सरीतली बरीचशी शोभेची रोपं पुण्याकडून नाही तर आंध्रातल्या कडियमहून येतात आणि अनेकदा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात असतात. कोकोपीट पाणी धरून ठेवतं. जाळीखालच्या उजेडात ते सोयीचं, टेबलावर घातक. दुसरीकडे, घरामागची काळी माती भरण्याचा मोह होतो. ती कापसाला, तुरीला उत्तम. कुंडीत मात्र भिजली की चिखल आणि वाळली की भेगा. निम्मी लाल माती किंवा शेणखत मिसळलेली हलकी माती आणि निम्मी जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, तळाला भोक असलेली कुंडी, एवढं पुरे. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर मातीवर पांढरी पापडी धरते आणि नाजूक झाडांची टोकं करपतात. शक्य असेल तर पावसाचं नाही तर फिल्टरचं पाणी वापरा.

बाथरूमकडे परत येऊ. झरोका नसेल, तर तिथे कायम राहील असं झाड मी कोणाला सुचवणार नाही. दोन मार्ग उरतात. पहिला अदलाबदलीचा: सारखी दोन झाडं घ्यायची, एक आठवडाभर बाथरूममध्ये, दुसरं गॅलरीतल्या उजळ सावलीत. आठवड्याने बदलायची. एकाला आठवडा आत आणि तीन आठवडे बाहेर अशी पाळी लावता आली तर फारच उत्तम, पण त्यासाठी झाडं चार लागतील. पाणी गॅलरीत असतानाच घालायचं, बाथरूममध्ये कधीही नाही. उन्हाळ्यात गॅलरीतल्या थेट उन्हात आणून ठेवू नका. अंधारातून आलेलं पान एका दुपारीत भाजून पांढुरकं पडतं आणि तो डाग जात नाही.

दुसरा मार्ग दिव्याचा. नऊ वॅटचा साधा पांढरा एलईडी बल्ब झाडाच्या एक फूट वर, टायमर लावून रोज बारा तास. पानांवर साधारण हजार लक्स मिळतील आणि महिन्याला सव्वातीन युनिटच्या आसपास वीज जाईल. जांभळा ‘ग्रो लाइट’च हवा असं काही नाही. जोडणी मात्र पाणी उडणार नाही अशा जागी, इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. गीझरच्या तोटीखाली झाड नको, आणि टॉयलेट क्लीनर-फिनाइलचे शिंतोडे मातीत जाणार नाहीत हे पाहा.

स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं आणि बाथरूमची हवा शुद्ध करतं, हे आपल्याकडे हमखास ऐकायला मिळतं. ते रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं, एवढं खरं. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो. हवा शुद्ध करण्याची गोष्ट 1989 च्या नासाच्या प्रयोगावरून पसरली, आणि तो प्रयोग बंद पेटीत केलेला होता. उघडझाप होणाऱ्या खोलीत एका कुंडीने हवेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. बाथरूममधल्या वासाला एक्झॉस्ट फॅन लावा.

झाड बिघडतंय असं वाटलं, तर आधी बोटाने बूड दाबून पाहा. मऊ लागलं, आंबूस वास आला, खालची पानं पिवळी होऊन ओली पडली, तर मुळं कुजली आहेत. तेव्हा पाणी बंद करायचं, माती काढून कुजलेला भाग कापायचा, उरलेला घट्ट भाग एक-दोन दिवस सावलीत सुकवून कोरड्या मातीत लावायचा. बूड घट्ट, पण पानांवर सुरकुत्या असतील तर ते तहानलंय. बूड घट्ट, पान फिकट आणि देठ लांबुडके असतील तर उजेड कमी पडतोय, आणि खत घालून काही साधणार नाही. कापाकापी करताना हातमोजे घाला. झी झी आणि मनी प्लांट दोन्ही अळूच्या कुळातली आहेत. त्यांच्या रसातल्या सुईसारख्या स्फटिकांनी कातडीला खाज सुटू शकते आणि पान चावलं तर तोंड झोंबतं. रांगतं मूल असलेल्या घरात कुंडी खाली ठेवू नका.