ऑनलाइन भाडेकरार विकत घेताय? महाराष्ट्रात तो चालेल का, हे आधी असं तपासा

'दहा मिनिटांत कायदेशीर भाडेकरार घरपोच' अशी जाहिरात करणाऱ्या वेबसाइटला पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: शेवटी हातात काय येणार? स्टॅम्प पेपरवर छापलेला मजकूर, की नोंदणी झालेला दस्त? महाराष्ट्रात सगळा फरक इथेच पडतो.

यातल्या बऱ्याच साइट्स देशभरासाठी एकच नमुना विकतात. त्यात मुदत 11 महिन्यांची असते, कारण केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. 11 महिन्यांत ती टळते, हे इतर बऱ्याच राज्यांत चालून जातं. आपल्याकडे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिक्षेपेक्षा मोठा फटका वेगळाच आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं तर पुरावा मालकाने द्यायचा. करारात डिपॉझिट एक लाख लिहिलंय आणि भाडेकरू म्हणतो दोन लाख दिले, तर धावपळ मालकाची. नोटरीचा शिक्का इथे कामाला येत नाही. सही कोणाची, एवढंच नोटरी सांगतो. त्याने नोंदणी होत नाही.

दुसरी तपासणी शीर्षकाची. नमुन्यावर 'लीज डीड' किंवा 'भाडेपट्टा' असेल तर थांबा. राहत्या घरासाठी आपल्याकडे प्रघात लिव्ह अँड लायसन्सचा आहे आणि तो उगाच पडलेला नाही. मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम 24 खाली मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि लायसन्स शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई मागू शकतो. हा मार्ग लायसन्ससाठी आहे, लीजसाठी नाही. लीजचं मुद्रांक शुल्कही वेगळ्या पद्धतीने मोजतात. अधिकारक्षेत्राच्या कलमात दुसऱ्याच राज्यातल्या शहराचं नाव राहिलेलं दिसलं, तर बाकीचा मजकूरही कोणी नीट वाचला नसावा असं समजा.

तिसरी तपासणी पैशांची, आणि ती घरबसल्या होते. पाच वर्षांपर्यंतच्या लायसन्सवर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. ते एकूण भाड्यावर, परत न मिळणाऱ्या रकमेवर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर लागतं. समजा, भाडं 20,000, डिपॉझिट 1,00,000 आणि मुदत 24 महिने. एकूण भाडं 4,80,000; डिपॉझिटचं दोन वर्षांचं व्याज 20,000; बेरीज 5,00,000. त्याचे 0.25 टक्के म्हणजे 1250 रुपये. त्यावर नोंदणी फी शहरात 1000, ग्रामीण भागात 500. ऑनलाइन नोंदणीत दस्त हाताळणी शुल्क वेगळं. साइटच्या बिलात हे आकडे सुटे दाखवलेले असावेत. 'स्टॅम्प 100 रुपये' एवढंच लिहिलं असेल आणि नोंदणी फीचं नावच नसेल, तर तुम्ही कागद विकत घेताय.

खरी नोंदणी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या efilingigr.maharashtra.gov.in वर होते. मजकूर त्यांच्याच ठरावीक रकान्यांत भरला जातो, शुल्काचं ई-चलन निघतं, मग मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांची आधारवर आधारित ओळख पटवली जाते: अंगठा मशीनवर, फोटो वेबकॅमवर. खासगी एजंट हेच काम मशीन घेऊन घरी येऊन करतो, त्याचे पैसे घेतो, आणि त्यात गैर काही नाही. पण अंगठा न घेता, फक्त पीडीएफवर सही मागवून 'रजिस्टर्ड' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जवळ आधार कार्ड, पॅन आणि घराचा पुरावा (वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती) ठेवा. घासलेल्या बोटांमुळे वयस्कर मंडळींचा अंगठा बऱ्याचदा जुळत नाही. दुसरं बोट लावून पाहा. परदेशस्थ मालकाकडे आधार नसेल, तर ऑनलाइन मार्ग अडतो. मग दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागतं किंवा भारतातल्या कोणाच्या नावे मुखत्यारपत्र लागतं.

काम झाल्यावर दस्त क्रमांक आणि इंडेक्स 2 मागा. इंडेक्स 2 मध्ये दोन्ही पक्षांची नावं, मिळकतीचं वर्णन, मुदत, नोंदणीची तारीख आणि भरलेलं शुल्क दिसतं. ते आपल्या करारातल्या ओळींशी जुळवा, विशेषतः फ्लॅट क्रमांक. 302 ऐवजी 203 पडला, तर पुढे चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो.

सही आधीच होऊन गेली असेल आणि नोंदणी राहिली असेल, तर सहीच्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत दस्त सादर करता येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचं काम मात्र स्वतंत्र आहे. साइटने ते पॅकेजमध्ये धरलं असेल, तर त्याची पोचपावती वेगळी मागून घ्या.