बॅकअप कोड आणि ऑथेंटिकेटरचा कोड: दोन्ही आकडेच, पण काम वेगळं

ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला दर 30 सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड सगळ्यांच्या परिचयाचा आहे. तो मेसेजने येत नाही. क्यूआर स्कॅन करताना फोनमध्ये एक गुप्त किल्ली साठवली जाते आणि ती किल्ली व घड्याळातली वेळ यांवरून फोन स्वतःच कोड काढतो. म्हणून डुप्लिकेट सिम घेतल्याने हे कोड परत येत नाहीत, तरी फोन हरवला की लोक आधी सिमच्याच मागे लागतात.

बॅकअप कोड म्हणजे फोन हाताशी नसताना लॉगिन करता यावं म्हणून आधीच काढून ठेवायचे कोड. त्यांचा त्या किल्लीशी काही संबंध नाही. गूगल आठ आकडी दहा कोड देतं. त्यांना वेळेची मुदत नसते, पण प्रत्येक कोड एकदाच चालतो. आणि ते त्याच एका खात्याचे असतात. गूगलचा कोड गिटहबला चालणार नाही.

खरा घोळ पुढे होतो. बॅकअप कोड तुम्हाला आत घेतो, ऑथेंटिकेटर परत आणून देत नाही. माझ्या मावसभावाचा फोन लोकलमध्ये गेला. कपाटातल्या कागदावर कोड होते. लॅपटॉपवर पासवर्ड टाकून, `Try another way` निवडून त्याने एक कोड वापरला आणि मेल उघडल्यावर काम झालं असं समजला. प्रत्येक लॉगिनला एक कोड खोडत महिन्याभरात कागदावर दोनच उरले, तेव्हा त्याने मला विचारलं. एवढे दिवस जुनी किल्ली हरवलेल्या फोनमध्ये चालूच होती, आणि तो फोन त्याच्या खात्यात लॉगिन होता तो वेगळाच.

आत शिरल्यावर त्याच बैठकीत तीन गोष्टी उरकायच्या. `Your devices` मध्ये जाऊन हरवलेला फोन साइन आउट करायचा. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये ऑथेंटिकेटर बदलून नव्या फोनने नवा क्यूआर स्कॅन करायचा, म्हणजे जुन्या किल्लीचे कोड बाद होतात. शेवटी बॅकअप कोडचा नवा संच काढायचा. तो काढताच जुन्या कागदावरचे उरलेले कोड रद्द होतात, तेव्हा तो कागद फाडून टाका. ज्या ज्या साइटला त्या फोनवरचं ऑथेंटिकेटर जोडलं होतं, तिथेही किल्ली अशीच बदलावी लागते.

‘माझं अ‍ॅप गूगल खात्याशी सिंक आहे, मला कागद कशाला?’ हे मी फार ऐकतो. 2023 पासून गूगल ऑथेंटिकेटरमध्ये ती सोय आहे, हे खरं. पण सिंक झालेल्या किल्ल्या नव्या फोनवर उतरवायला आधी गूगलमध्ये लॉगिन करावं लागतं, आणि त्या लॉगिनचा कोड जर हरवलेल्या फोनमध्येच असेल तर तुम्ही दाराबाहेरच. म्हणून निदान गूगलचे कोड तरी कागदावरच हवेत. त्याच फोनच्या गॅलरीतला स्क्रीनशॉट फोनबरोबरच जातो, आणि ड्राइव्हमध्ये ठेवलेली फाइल लॉगिन झाल्याशिवाय उघडत नाही.