मेंदूच्या कुंपणातली उघडी जागा

आमच्याकडे यवतमाळच्या ग्रामीण भागात मे महिन्यातील लग्नाच्या पंगतीनंतर उलट्यांचे रुग्ण येतातच. अशाच एका सतरा वर्षांच्या मुलीला उलटी थांबवण्यासाठी मेटोक्लोप्रामाइडचे इंजेक्शन मिळाले आणि काही तासांत तिची मान एका बाजूला वळून ताठ झाली, डोळे वर चढले. शुद्ध पूर्ण होती, तरी घरच्यांना ते ‘बाहेरचे’ वाटले. ग्रामीण रुग्णालयात प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिल्यावर ती थोड्याच वेळात सावरली. उलटीवरच चालणारी डॉमपेरिडोनची गोळी असा प्रकार क्वचितच घडवते. असे का, याचे उत्तर मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीत आहे.

रक्तात रंग सोडल्यास इतर अवयव रंगतात आणि मेंदू मात्र जवळपास कोरा राहतो, हे पॉल एर्लिख यांनी १८८५ साली नोंदवले होते. ही अडवणूक म्हणजेच मेंदूचे कुंपण. ती नेमकी कोठे होते, ते १९६७ मध्ये रीझ आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. मेंदूतील केशवाहिनीच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की त्यांच्यामधून बहुतेक पदार्थांना वाट मिळत नाही. जे जायचे ते पेशीतूनच जावे लागते. ग्लुकोजसाठी तेथे वाहक प्रथिने असतात, ऑक्सिजन सहज पाझरतो, आणि नको असलेले बरेच पदार्थ पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप पुन्हा रक्तात ढकलतो. बाहेरून पेरिसाइट आणि अॅस्ट्रोसाइट या पेशींचा वेढा असतो. तो प्रत्यक्ष भिंत नसला तरी अस्तराची घट्ट शिवण टिकवण्याचे काम त्याचेच.

डॉमपेरिडोनला हाच पंप परतवतो. मग ते उलटी कसे थांबवते? मेंदूच्या चौथ्या पोकळीच्या तळाशी, मागच्या टोकाला, ‘एरिया पोस्ट्रेमा’ नावाचा लहानसा भाग आहे. तेथील केशवाहिन्यांना बारीक छिद्रे असतात, म्हणजे हे कुंपण तेथे मुळातच नाही. रक्तात विषारी पदार्थ आला तर तो ओळखून उलटीचा इशारा देणे हे या भागाचे काम असल्याने त्याला रक्त थेट चाखता यावे लागते. डॉमपेरिडोन येथे पोहोचून डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे ग्राहक, म्हणजे त्याला पकडणारी प्रथिने, बंद करते; मेटोक्लोप्रामाइड मात्र कुंपण ओलांडून हालचाली नियंत्रित करणाऱ्या खोल केंद्रांतही तेच करते, म्हणून मान वळते. हा त्रास तरुण वयात अधिक दिसतो.

मेंदूत अशा उघड्या जागा आणखीही आहेत. तिसऱ्या पोकळीच्या पुढील भिंतीतील दोन लहान भाग रक्तातील क्षार आणि अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तपासून तहान जागवतात. या जागांमधून आलेले पदार्थ शेजारच्या भागात सहज पसरत नाहीत, कारण त्यांच्या काठावरील टॅनिसाइट पेशी आपसांत घट्ट जोडलेल्या असतात.

डॉमपेरिडोनही पूर्ण निरुपद्रवी नाही. हृदयाच्या लयीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. तान्ह्या बाळात हे कुंपण पुरते पक्के झालेले नसल्याने तेथे हे औषध मेंदूत शिरू शकते. शिवाय पीयूषिका ग्रंथी कुंपणाबाहेर असल्याने तेथेही डोपामिनचे ग्राहक बंद होतात; गोळ्या बरेच दिवस घेतल्यास दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, आणि मूल नसलेल्या स्त्रीच्या स्तनांतूनही दूध येऊ शकते.