हिरवं बोंड फोडल्याशिवाय कळत नाही

शेजारच्या शेतातल्या एका तरुण पोराने मागच्या दिवाळीत विचारलं, "काका, बोंडं बाहेरून चकचकीत होती. एकालाही छिद्र नव्हतं. मग वेचणीला अर्धा कापूस कवडी कसा निघाला?" त्याला तेव्हा जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. बोलतोय ते गुलाबी बोंडअळीबद्दल आणि आमच्या भागातल्या कोरडवाहू, जूनअखेर पेरलेल्या कपाशीबद्दल. तुमची जमीन, पाणी आणि पेरणीची तारीख वेगळी असेल तर काय बदलेल, तेही पुढे येईल.

बोंड चकचकीत दिसतं याचं कारण अळीच्या वागण्यातच आहे. मादी पतंग पात्यांवर, फुलांजवळ किंवा कोवळ्या बोंडाच्या तळाशी हिरव्या पाकळ्यांच्या आड अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी बारीक असते. ती फार भटकत नाही, लगेच बोंडात शिरते. शिरताना पडलेलं छिद्र सुईच्या टोकापेक्षा लहान असतं आणि बोंड वाढत असल्यामुळे ते काही दिवसांत बुजून जातं. त्यानंतर साधारण दोन आठवडे अळी आत सरकी खात बसते आणि बाहेरून काही दिसत नाही. तुम्हाला जे स्वच्छ गोल छिद्र दिसतं, ते पूर्ण वाढलेली अळी बाहेर पडतानाचं. म्हणजे छिद्र दिसेपर्यंत त्या बोंडाचं नुकसान होऊन गेलेलं असतं. (मोठं छिद्र, बाहेर विष्ठा आणि अर्धी अळी बाहेर लोंबकळत असेल, तर ती बहुतेक अमेरिकन बोंडअळी. तिचा हिशेब वेगळा.)

म्हणून माझं एकच सांगणं: बोंडं लागायला लागली की दर आठवड्याला 20 हिरवी बोंडं तोडा आणि फोडून पाहा. बोंड साधारण 15 ते 20 दिवसांचं हवं. अंगठ्याने दाबलं तर टणक लागतं, पण दोन्ही हातांनी पिळलं की फुटतं, असं. त्याहून कोवळं असेल तर अळी अजून शिरलेलीच नसते आणि जून झालं की हाताने फुटत नाही.

बोंडं कुठून तोडता, यावर निकाल ठरतो. आपण नकळत धुऱ्याजवळची किंवा "ही खराब वाटतेय" अशी बोंडं उचलतो. शेतात तिरपं चालत जा, ठरावीक पावलं मोजून थांबा आणि समोरच्या झाडाच्या मधल्या फांदीवरचं हाताला येईल ते बोंड घ्या. गोठ्याजवळ मागच्या सालची पऱ्हाटी रचलेली असेल, तर त्या बाजूची बोंडं वेगळी मोजा. तिथे आकडा नेहमी जास्त येतो.

फोडल्यावर गुलाबी अळी शोधू नका. बरेच जण इथेच चुकतात. लहान अळी पांढरट असते, डोकं तेवढं काळपट. गुलाबी रंग ती मोठी झाल्यावर चढतो. आधी सालीची आतली बाजू पाहा. तिथे बारीक, नागमोडी रेघ किंवा खडबडीत उंचवटा दिसला तर अळी तिथून आत गेली असण्याची शक्यता आहे. ढेकणासारख्या रस शोषणाऱ्या किडींच्या टोचण्यानेही आतून फोड येतात, म्हणून नुसत्या फोडावर विसंबू नका. सरकी पोखरलेली आहे का ते बघा. सततच्या पावसाने आतून कुजलेलं बोंडही पिवळं-तपकिरी दिसतं, पण त्यात अळी, विष्ठा किंवा पोखरलेली सरकी नसते. कप्प्यांमधल्या पडद्याला छोटं भोक असेल तर अळी एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलेली आहे.

आता मोजणी. 20 पैकी 2 बोंडांत अळी म्हणजे 10 टक्के. शिफारशींमध्ये फवारणीचा विचार सुरू करायची पातळी हीच धरतात. पण 20 बोंडं हा लहान नमुना आहे. समजा शेतात खरोखरच 10 टक्के बोंडं किडलेली आहेत. तरीही 20 पैकी एकातही अळी न सापडण्याची शक्यता सुमारे 12 टक्के असते, म्हणजे आठ वेळांतून एकदा शेत उगाच स्वच्छ वाटेल. उलट शेतात 5 टक्केच प्रादुर्भाव असला, तरी चारातून एकदा दोन किंवा जास्त किडकी बोंडं हाती लागतील आणि तुम्ही गरज नसताना पंप उचलाल. म्हणून एकही सापडलं नाही किंवा एक-दोन सापडली, तरी मी आणखी 20 तोडतो. 40 बोंडांत एकही न सापडता 10 टक्के प्रादुर्भाव लपून राहणं फार अवघड, सत्तरात एखाद्या वेळेइतकं.

माझ्याच तीन एकरांत सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्या 20 बोंडांत एकच किडकं निघालं. कामगंध सापळ्यात रात्रीला तीन-चार पतंग येत होते. सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग ही धोक्याची खूण मानतात, त्यामुळे मी निश्चिंत होतो. तरी आणखी 20 फोडली, त्यात चार किडकी. एकूण 40 पैकी 5, म्हणजे साडेबारा टक्के. सापळा तपासला तेव्हा कळलं की त्यातली गोळी महिन्याहून जुनी झाली होती. वास उडाला की पतंग येत नाहीत. गोळी बदलली आणि तिसऱ्या रात्री अकरा मिळाले.

फवारणी बोंडातल्या अळीपर्यंत पोहोचत नाही. औषध लागतं ते पतंगाला, अंड्यांना आणि नुकत्या निघालेल्या अळीला. त्यामुळे फवारणीनंतर आठवड्याने बोंडं फोडली आणि आत मोठ्या अळ्या दिसल्या, तर औषध वाया गेलं असं लगेच म्हणू नका. पांढरट, लहान अळ्या नव्याने दिसतात का, ते पाहा. औषध कोणतं, हे तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठाच्या त्या हंगामाच्या सल्ल्यावरून ठरवा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं लवकर मारली तर पांढरी माशी उसळते, एवढं मात्र लक्षात ठेवा.

"बियाणं तर बीटी आहे," असं तो पोरगाही म्हणाला. अमेरिकन बोंडअळीवर बीटीचा उपयोग आजही होतो. गुलाबी अळीने मात्र आधी बोलगार्ड-1 आणि नंतर बोलगार्ड-2 पचवायला शिकून घेतलं. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात त्याचा फटका उघड दिसला. आपल्याकडची बीटी वाणं संकरित आहेत, हेही त्यामागचं एक कारण. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांमध्ये बीटीच्या विषाचं प्रमाण सारखं नसतं, काहींत ते नसतंच. कमी मात्रेवर जगलेल्या अळ्यांची पिढी पुढे चालू राहते.

आता तुमच्या शेतासाठी काय वेगळं धराल? खानदेशात मे महिन्यात ठिबकावर पूर्वहंगामी कपाशी लावलेली असेल, तर पाती-फुलं लवकर येतात आणि सुप्तावस्थेतून निघालेल्या पहिल्या पतंगांना ती आयती मिळतात. तिथे बोंडांची वाट पाहू नका, आधी डोमकळ्या मोजा. न उमललेल्या, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसणाऱ्या फुलांत अळी असते. अशी फुलं शेकडा दहा झाली, तर तीही तितकीच मोठी सूचना. उशिरा पेरलेल्या शेतात हे पतंग खाद्य नसताना निघून मरतात, म्हणून पहिली चाल सौम्य असते; शेजारी लवकरची कपाशी असेल तर मात्र हा फायदा उरत नाही. जिनिंगजवळ, घरात कापूस साठवलेल्या गावाकडेला, किंवा मागे फरदड घेतलेल्या शेताला लागून रान असेल, तर मोजणी आठवडाभर आधी सुरू करा. हलक्या रानात पीक डिसेंबरातच आटोपतं, तिथे उशिराच्या पिढ्यांची चिंता कमी. भारी काळ्या जमिनीत फेब्रुवारीपर्यंत बोंडं हिरवी राहतात आणि शेवटच्या अळ्या दोन सरक्या जोडून त्यांच्या आत झोपी जातात. वेचलेल्या कापसात अशा जोडसरक्या हाताला लागल्या, तर त्या फोडून पाहा. आत अळी जिवंत असते.