मेलामाइनची भांडी : उष्णता व आम्लाची मर्यादा

मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड यांच्या संयोगातून तयार होणाऱ्या कठीण राळेपासून बनवलेल्या ताटांना, बश्यांना आणि वाडग्यांना मेलामाइनची भांडी म्हणतात. या राळेत सेल्युलोजची पूड मिसळून ती तापलेल्या साच्यात जोराने दाबली जाते. साच्यात एकदा घट्ट झालेली राळ पुन्हा वितळत नाही. त्यामुळे हे भांडे उष्णतेला पुरून उरते असा समज होतो. पण भांडे न वितळणे आणि त्यातून अन्नात काही न उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेलामाइनच्या बाबतीत धोका वितळण्याचा नसून राळेचे रासायनिक बंध तुटण्याचा असतो.

हे बंध पाण्याच्या सान्निध्यात सावकाश सुटतात. उष्णता त्याचा वेग वाढवते आणि आम्ल तो आणखी वाढवते. बंध सुटले की मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड अन्नात उतरतात. म्हणूनच युरोपीय संघाच्या नियमांनुसार अशा भांड्यांची चाचणी साध्या पाण्यात न करता सामान्यतः 3 टक्के ॲसेटिक आम्लात, म्हणजे सौम्य व्हिनेगरसारख्या द्रावात, 70 अंश सेल्सिअसला 2 तास आणि लागोपाठ तीन वेळा केली जाते. या नियमांत अन्नात उतरणाऱ्या मेलामाइनची मर्यादा दर किलोग्रॅम अन्नामागे 2.5 मिलिग्रॅम, तर फॉर्मल्डिहाइडची 15 मिलिग्रॅम आहे. भांडे चांगले असेल, तर उतरणारे प्रमाण तिसऱ्या फेरीपर्यंत घटलेले किंवा स्थिरावलेले दिसते. ते दर फेरीला वाढत गेले, तर केवळ पृष्ठभागावरचा अवशेष धुऊन निघत नसून राळच झिजत आहे, असा अर्थ होतो.

प्रत्यक्ष वापरात काय घडते, याचे चांगले उदाहरण 2013 साली तैवानमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. बारा निरोगी व्यक्तींना 500 मिलिलिटर गरम नूडल सूप एकदा मेलामाइनच्या आणि एकदा चिनी मातीच्या वाडग्यातून देण्यात आले व पुढील 12 तासांतील लघवी तपासण्यात आली. मेलामाइनच्या वाडग्यानंतर लघवीतून सरासरी 8.35 मायक्रोग्रॅम, तर चिनी मातीच्या वाडग्यानंतर 1.31 मायक्रोग्रॅम मेलामाइन बाहेर पडले. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली सह्य मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोग्रॅमच्या व्यक्तीसाठी 12 मिलिग्रॅम आहे. त्या मानाने हा आकडा फारच लहान ठरतो, म्हणून एखाद्या जेवणाने घाबरून जाण्याचे कारण नाही. लहान मुलांचे वजन मात्र कमी असते आणि न फुटणारी म्हणून हीच भांडी त्यांना रोज दिली जातात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अधिक काटेकोर राहणे योग्य.

व्यवहारात 70 अंश सेल्सिअस ही वरची सीमा मानावी. ताटात वाढलेले गरम अन्न झपाट्याने निवते, म्हणून थोड्या वेळाच्या जेवणाला हे भांडे चालते. उकळते टोमॅटो सूप ओतून वाडगा झाकून ठेवणे मात्र टाळावे, कारण तेथे उष्णता, आम्ल आणि वेळ ही तिन्ही एकत्र येतात. लिंबू घातलेला उकळता चहाही त्याच वर्गात मोडतो. मायक्रोवेव्हमध्ये तर हे भांडे कधीच ठेवू नये. त्यात अन्नाबरोबर राळही तापते आणि भांड्याचे तापमान सहज सीमेपलीकडे जाते.

भांडे बाद करण्याची वेळ त्याच्या पृष्ठभागावरून कळते. नव्या भांड्याच्या वरचा चकचकीत थर आतील सेल्युलोजयुक्त भागाला अन्नापासून अलग ठेवतो. सुरीने, तारेच्या घासणीने किंवा ब्लीचने हा थर झिजला की पाणी आणि रंग आत शिरतात. म्हणून नीट धुऊनही न जाणारा चहाचा वा हळदीचा डाग ही केवळ दिसण्याची बाब नसून थर तुटल्याची खूण आहे. चकाकी जाऊन बोटाला खरखरीत लागणारा भाग, नखाला अडणारा खोल ओरखडा, केसासारखी बारीक तडा, कडेचा उडालेला टवका, नक्षीखाली आलेला फुगा किंवा करपल्याचा तपकिरी डाग दिसल्यास भांडे अन्नासाठी वापरू नये. गरम पाणी ओतल्यावर डोळ्यांना वा नाकाला झोंबणारा वास आला, तर भांडे नवे असले तरी लगेच बाद करावे. अशा भांड्याचा आतला भाग स्वस्त युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असून वर केवळ मेलामाइनचा पातळ थर असू शकतो, आणि युरियाची राळ गरम आम्लात बरेच जास्त फॉर्मल्डिहाइड सोडते.

बाद भांडी कोरड्या, अन्नेतर वस्तू ठेवण्यास चालतात. ती वितळत नसल्याने नेहमीच्या प्लास्टिकच्या पुनर्वापरात घेता येत नाहीत, आणि जाळल्यास विषारी वायू निघत असल्याने ती कधीही पेटवू नयेत.